लांबच्या सर्व्हरची अरुंद खिडकी

पुण्यातल्या एका कार्यालयात 1 जीबीपीएसची फायबर लाइन आहे, असे धरू. तिथून 50 जीबीची एक फाइल अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या सर्व्हरवर पाठवायची आहे. लाइन पूर्ण क्षमतेने चालली तर हे काम 400 सेकंदांत, म्हणजे सात मिनिटांच्या आत व्हायला हवे. फाइल पाठवायला घेतल्यावर मात्र पडद्यावर उरलेला वेळ 42 तास दिसतो. स्पीड टेस्ट केली तर ती 940 एमबीपीएस दाखवते. तीच फाइल मुंबईतल्या सर्व्हरवर पाठवली तर जवळजवळ चाळीसपट वेगाने जाते. लाइन तीच, संगणक तोच, फाइलही तीच. बदलले आहे ते फक्त अंतर.

अशा वेळी संशय पहिल्यांदा इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीवर जातो आणि जास्त वेगाचा प्लॅन घेतला जातो. त्याने काहीही फरक पडत नाही. वरच्या उदाहरणात 1 जीबीपीएसच्या जागी 10 जीबीपीएसची लाइन आणली तरी फाइलला 42 तासच लागतील, कारण अडवणूक लाइनच्या रुंदीत नाही. ‘पोच मिळण्याआधी किती माल वाटेवर सोडायचा’ या एका मर्यादेत ती आहे.

इंटरनेटवर फाइल, वेबपाने, ईमेल यांची बरीचशी वाहतूक ज्या नियमांनी चालते त्यांना टीसीपी म्हणतात. टीसीपी फाइलचे लहान लहान तुकडे करते. असा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, साधारण 1,460 बाइटचा असतो. पाठवलेले प्रत्येक पॅकेट पोहोचले की नाही हे पाठवणाऱ्याला कळावे म्हणून घेणारा संगणक उलट पोच पाठवतो. एकेका पॅकेटची पोच येईपर्यंत थांबायचे ठरवले तर काम कधीच संपणार नाही, म्हणून पोच येण्याआधीच बरीच पॅकेट सोडायची मुभा असते. पण ही मुभा अमर्याद नसते. घेणारा संगणक दर पोचेसोबत सांगतो की त्याच्याकडे सध्या इतके बाइट ठेवायला जागा आहे. या आकड्याला विंडो म्हणतात. पोच न मिळालेला माल कोणत्याही क्षणी विंडोपेक्षा जास्त असता कामा नये, हा नियम.

नारायणगावचा टोमॅटो व्यापारी हा नियम वेगळ्या नावाने ओळखतो. समजा, त्याच्याकडे प्लास्टिकचे 600 क्रेट आहेत. वाशीच्या बाजारात पाठवलेले क्रेट दुसऱ्या दिवशी रिकामे होऊन परत येतात, म्हणून तो रोज 600 क्रेट माल पाठवू शकतो. तोच माल दिल्लीला पाठवायचा झाला आणि क्रेट परत यायला सहा दिवस लागले, तर त्याच 600 क्रेटमध्ये सरासरी रोज शंभरच क्रेट माल जाईल. महामार्ग चौपदरीचा आठपदरी झाला तरी हा आकडा हलणार नाही. दिल्लीला रोज 600 क्रेट जायचे असतील तर रस्त्यावर, बाजारात आणि परतीच्या वाटेवर मिळून 3,600 क्रेट फिरते हवेत. विंडो म्हणजे हे क्रेट, आणि पोच म्हणजे परत आलेला रिकामा क्रेट.

आता व्हर्जिनियाचे अंतर पाहू. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, पण फायबरच्या काचेतून त्याचा वेग सुमारे दोन लाख किलोमीटरच असतो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जायला पाच मिलिसेकंद आणि परत यायला पाच. मुंबई ते व्हर्जिनिया हे अंतर सरळ मोजले तर साधारण 13 हजार किलोमीटर भरते, त्यामुळे जाऊन-येऊन 130 मिलिसेकंद तर निसर्गनियमानेच लागतात. केबल सरळ रेषेत जात नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघालेल्या सी-मी-वी 4 किंवा आयएमईडब्ल्यूई यांसारख्या केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्राकडे जातात. तिथून युरोप आणि मग अटलांटिक. वाटेत राउटर लागतात. सगळे धरून ही फेरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास जाते. पुणे-मुंबई फेरीला साधारण पाच मिलिसेकंद पुरतात.

लाइनचा वेग आणि फेरीचा वेळ यांचा गुणाकार केला की या विषयातला कळीचा आकडा मिळतो. त्याला बँडविड्थ-डिले प्रॉडक्ट म्हणतात. लाइन सतत भरलेली ठेवायची तर पोच न मिळालेला किती माल फिरता असायला हवा, हे तो सांगतो.

```
1,000,000,000 bit/s × 0.2 s = 200,000,000 bit = 25 MB
```

म्हणजे पुणे-व्हर्जिनिया लाइन पूर्ण वापरायची तर 25 एमबीची विंडो हवी. त्यातला साधारण निम्मा माल समुद्रातल्या काचेत आणि राउटरमध्ये असतो. उरलेला निम्मा पोहोचलेला असतो, पण त्याच्या पोचा अजून परतीच्या वाटेवर असतात. पाठवणाऱ्याला या दोहोंत फरक करता येत नाही. त्याच्या दृष्टीने 25 एमबी माल उधारीवर गेलेला असतो.

आणि प्रत्यक्षात विंडो 64 केबीच असेल तर? तेवढे बाइट 1 जीबीपीएसच्या लाइनवर सोडायला अर्धा मिलिसेकंद लागतो. पुढे 199.5 मिलिसेकंद संगणक पोचेची वाट पाहत बसतो, आणि लाइन मोकळी राहते. मग पोच येते, पुन्हा अर्धा मिलिसेकंद माल जातो आणि पुन्हा शांतता. विंडोला फेरीच्या वेळेने भागले की मिळणारा वेग निघतो:

```
65,535 byte × 8 / 0.2 s   ≈ 2.6 Mbit/s
65,535 byte × 8 / 0.005 s ≈ 105 Mbit/s
```

पहिली ओळ व्हर्जिनियाची, दुसरी मुंबईची. सुरुवातीचे 42 तास या 2.6 एमबीपीएसमधूनच आले. या भागाकारात लाइनचा वेग कुठेच नाही, म्हणून महागडा प्लॅन इथे निरुपयोगी ठरतो.

यातून एक अनपेक्षित गोष्टही निघते. केबल तुटली की वेग कमी होतो तो दर वेळी गर्दीमुळेच होतो असे नाही. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी 4 आणि फ्लॅग या केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची वाहतूक विस्कळीत झाली. अशा वेळी वाहतूक दुसऱ्या, लांबच्या मार्गाने वळवली जाते. फेरी 200 वरून 300 मिलिसेकंदांवर गेली आणि विंडो तेवढीच राहिली, तर नव्या मार्गावर कितीही मोकळीक असली तरी वेग एक तृतीयांशाने घटतो.

64 केबी हा आकडा आला कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. टीसीपीचे मूळ प्रमाण आरएफसी 793 हे सप्टेंबर 1981 चे. त्यात प्रत्येक पॅकेटच्या शीर्षकात विंडो लिहायला 16 बिटची जागा ठेवली आहे. 16 बिटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या 65,535. त्या काळी आर्पानेटच्या मुख्य लाइन 56 केबीपीएसच्या होत्या. फेरीला अर्धा सेकंद लागतो असे धरले तरी त्या लाइनचा गुणाकार साडेतीन हजार बाइट येतो. म्हणजे आखणाऱ्यांनी गरजेच्या अठरापट जागा ठेवली होती. त्यांना कंजूष म्हणता येणार नाही. पुढच्या काळात लाइनचा वेग हजारो पटींनी वाढला, पण प्रकाशाचा वेग आणि पृथ्वीचा घेर होता तिथेच राहिला, आणि गुणाकार 16 बिटच्या बाहेर गेला.

ही अडचण लवकर ध्यानात आली. 1988 मध्ये व्हॅन जेकबसन आणि रॉबर्ट ब्रेडन यांनी लांब आणि जाड मार्गांसाठी टीसीपीत सुधारणा सुचवली. अशा मार्गांना त्यांनी ‘लाँग, फॅट नेटवर्क’ असे नाव दिले. त्याची आद्याक्षरे एलएफएन. आणि त्याचा उच्चार ‘एलिफंट’सारखा करावा असेही सांगितले. 1992 च्या आरएफसी 1323 मध्ये ही सुधारणा पक्की झाली. 2014 चे आरएफसी 7323 हे तिचे आताचे रूप.

युक्ती साधी आहे. शीर्षकातली 16 बिटची जागा वाढवता येत नव्हती, कारण तसे केले तर जुने सगळे संगणक गोंधळले असते. म्हणून आकडा तोच ठेवून त्याचे माप बदलले. व्यापारी हिशेबवहीत रकमेच्या वर ‘आकडे हजारांत’ असे लिहितो, तसेच. कनेक्शन जुळताना दोन्ही संगणक एकमेकांना सांगतात की माझ्या विंडोच्या आकड्याला दोनच्या अमुक घाताने गुणा. हा घात 7 असेल तर प्रत्येक आकडा 128 पट धरायचा. जास्तीत जास्त घात 14, म्हणजे 16,384 पट. त्याने विंडो सुमारे 1 जीबीपर्यंत जाते. याला विंडो स्केलिंग म्हणतात.

यात एक नाजूक जागा आहे. हे माप फक्त कनेक्शन जुळतानाच्या सुरुवातीच्या दोन पॅकेटांत सांगितले जाते, नंतर कधीच नाही. शिवाय दोघांनीही ते सांगितले तरच लागू होते. वाटेतल्या एखाद्या जुन्या फायरवॉलने ‘ही ओळखीची गोष्ट नाही’ म्हणून तेवढा मजकूर गाळला, तर दोन्ही संगणक निमूटपणे जुन्या 64 केबीवर येतात. कुठलीही चूक दिसत नाही, काही तुटत नाही. फक्त वेग रांगतो. फायरवॉलने मजकूर गाळण्याऐवजी माप शून्य करून पुढे धाडले तर हाल याहून वाईट होतात. एक बाजू ‘46’ लिहिते आणि तिच्या मनात 46 गुणिले 128 असते. दुसरी बाजू ते 46 बाइटच समजते आणि चिमूटचिमूट माल पाठवत राहते. 2004 मध्ये लिनक्सच्या नव्या कर्नेलमध्ये मोठे माप आपोआप चालू झाले, तेव्हा नेमका हाच प्रकार उघडकीस आला. काही संकेतस्थळे अचानक उघडेनाशी झाली. दोष कर्नेलचा वाटत होता, पण तो वाटेतल्या उपकरणांचा होता.

आजच्या संगणकांत स्केलिंग बहुतेक ठिकाणी चालू असते आणि विंडो गरजेप्रमाणे आपोआप वाढते. विंडोजमध्ये ही सोय व्हिस्टापासून आली, लिनक्समध्ये 2.6 मालिकेतल्या कर्नेलमध्ये. तरीही लांबची वाहतूक रांगते, याची कारणे आता थोडी वरच्या मजल्यावर गेली आहेत.

पहिले कारण बफरची कमाल मर्यादा. घेणाऱ्या संगणकाला विंडोएवढी स्मृती खरोखर राखून ठेवावी लागते. बऱ्याच लिनक्स यंत्रणांत ही मर्यादा मुळात 6 एमबी असते आणि त्यातला मोठा हिस्सा पॅकेटांच्या हिशेबात जातो. जुन्या कर्नेलमध्ये तर निम्माच विंडो म्हणून जाहीर होई. 3 एमबी विंडो धरली तर 200 मिलिसेकंदांच्या फेरीवर वेग 125 एमबीपीएसच्या आसपास अडतो. ही मर्यादा इतकी कमी का, असा प्रश्न पडेल. एका सर्व्हरला एकाच वेळी दहा हजार लोक जोडलेले असू शकतात, आणि प्रत्येकाला 25 एमबी द्यायचे ठरवले तर 250 जीबी स्मृती लागेल. मूळ आकडा सर्वसाधारण वापरासाठी ठरवलेला आहे. लांब पल्ल्याची मोठी वाहतूक हा अपवाद असल्याने तो हाताने बदलावा लागतो.

दुसरे कारण प्रोग्रामच्या आतली विंडो, आणि यातच अनुभवी माणसेही फसतात. सुरक्षित फाइल पाठवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा ओपनएसएसएच हा प्रोग्राम टीसीपीच्या विंडोवर आपली स्वतःची वेगळी विंडो ठेवतो. 2007 च्या 4.7 आवृत्तीत ती वाढवून सुमारे 2 एमबी केली गेली. त्याआधी ती फार लहान होती. टीसीपीची विंडो 25 एमबी असो की 100, वरचा प्रोग्राम 2 एमबी सोडून पोचेची वाट पाहत बसला की खालची मोकळी जागा कामाला येत नाही. 2 एमबीला 0.2 सेकंदाने भागले की सुमारे 84 एमबीपीएस येतात. त्या वेगाने 50 जीबीच्या फाइलला साधारण 80 मिनिटे लागतात. `scp` आणि एसएसएचवरून चालणारा `rsync` दोन्ही याच कुंपणात असतात. पिट्सबर्ग सुपरकॉम्प्युटिंग सेंटरमध्ये एचपीएन-एसएसएच ही सुधारित आवृत्ती तयार झाली ती हेच कुंपण काढण्यासाठी.

तिसरे कारण हरवलेली पॅकेट. घेणाऱ्याच्या विंडोखेरीज पाठवणारा आपल्यापुरती आणखी एक विंडो सांभाळतो, ती वाटेतल्या गर्दीच्या अंदाजाची. सुरुवातीला ती फक्त दहा पॅकेटांची, म्हणजे 14,600 बाइटची असते आणि दर फेरीला दुप्पट होते. 25 एमबीपर्यंत पोहोचायला अकरा फेऱ्या लागतात. मुंबईच्या सर्व्हरशी हे 55 मिलिसेकंदांत उरकते. व्हर्जिनियाशी दोन सेकंदांहून जास्त लागतात. दहा एमबीची फाइल तर लाइन पुरती भरण्याआधीच संपून जाते.

खरी पंचाईत पुढे आहे. वाटेत एक पॅकेट हरवले की टीसीपी ते गर्दीचे लक्षण मानते. जुन्या रीनो पद्धतीत ही विंडो ताबडतोब निम्मी होते आणि मग दर फेरीला एकेका पॅकेटाने वाढते. 25 एमबी म्हणजे सुमारे 17,100 पॅकेट. निम्म्यावरून परत तिथे यायला सुमारे 8,560 फेऱ्या, प्रत्येक 200 मिलिसेकंदांची. एकूण 28 मिनिटे. एक पॅकेट हरवले त्याची ही किंमत. सॅली फ्लॉइड यांनी 2003 मध्ये हाच हिशेब 10 जीबीपीएस आणि 100 मिलिसेकंदांच्या मार्गासाठी मांडला. लाइन भरलेली ठेवायची तर पाच अब्ज पॅकेटांमागे जास्तीत जास्त एक हरवलेले चालेल, असे उत्तर आले. इतकी निर्दोष वाट व्यवहारात मिळणे अशक्यच.

1997 मध्ये मॅट मॅथिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की असा वेग फेरीच्या वेळेच्या आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा हजारांत एक पॅकेट हरवत असेल तर 200 मिलिसेकंदांवर सुमारे 7 एमबीपीएस, आणि त्याच प्रमाणात हरवत असूनही पाच मिलिसेकंदांवर जवळजवळ 285. जवळच्या सर्व्हरशी बोलताना जी खराब केबल किंवा सैल कनेक्टर कधी जाणवलाच नाही, तो लांबच्या वाहतुकीत एकदम समोर येतो.

आज लिनक्समध्ये मुळात असलेली क्यूबिक पद्धत यावर बराच उतारा आहे. ती विंडो निम्मी न करता सत्तर टक्क्यांवर आणते, आणि पुढची वाढ फेऱ्या मोजून न करता गेलेला वेळ मोजून करते. वरच्याच उदाहरणात तिला मूळ जागी यायला 28 मिनिटांऐवजी सुमारे 23 सेकंद लागतात. गूगलने 2016 मध्ये मांडलेली बीबीआर पद्धत याहून वेगळ्या वाटेने जाते. हरवलेल्या पॅकेटवरून गर्दी ओळखण्याऐवजी ती मार्गाचा वेग आणि सर्वांत कमी फेरीचा वेळ सतत मोजते, आणि दोहोंचा गुणाकार करून तेवढाच माल फिरता ठेवायचा प्रयत्न करते.

या तीन कारणांपैकी नेमके कोणते लागू आहे, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. आधी `ping` ने फेरीचा वेळ घ्यावा आणि गुणाकार करून हवी ती विंडो काढावी. मिळणाऱ्या वेगाला फेरीच्या वेळेने गुणले की प्रत्यक्षात चाललेली विंडो निघते. ती 64 केबीच्या अगदी जवळ आली तर स्केलिंग कुठेतरी मोडले आहे. 2 एमबीजवळ आली तर संशय एसएसएचवर. अशा ओळखीच्या गोल आकड्यावर वेग तासन्‌तास सपाट राहणे ही विंडोच्या अडवणुकीची पक्की खूण. गर्दी किंवा हरवलेली पॅकेट असतील तर वेग करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो.

मग `iperf3` ने आधी एक आणि नंतर आठ कनेक्शन लावून पाहावे:

```
iperf3 -c server.example.com -t 30
iperf3 -c server.example.com -t 30 -P 8
```

आठ कनेक्शनची बेरीज एकट्याच्या जवळजवळ आठपट आली तर मार्ग मोकळा आहे आणि अडचण एकेका कनेक्शनच्या मर्यादेत आहे. बेरीज तेवढीच राहिली तर लाइन खरोखर भरली आहे. स्पीड टेस्टचा आकडा फसवा का असतो तेही इथे कळते: ती सहसा जवळचा सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते. तिने मोजलेला वेग खरा असतो, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो.

पाठवणारा संगणक लिनक्स असेल तर फाइल जात असताना `ss -ti` ही आज्ञा त्या कनेक्शनची नाडी दाखवते. त्यात `wscale:7,7` असे काही दिसले तर स्केलिंग दोन्ही बाजूंनी जुळले आहे. दिसलेच नाही तर ते वाटेत गळाले. `rwnd_limited` समोर मोठी टक्केवारी असेल तर घेणाऱ्याची विंडो कमी पडते आहे, `sndbuf_limited` असेल तर पाठवणाऱ्याचा बफर. हे दोन्ही नसून `app_limited` दिसत असेल तर वरचा प्रोग्राम पुरेसा मालच देत नाही. `retrans` चा आकडा वाढत असेल तर पॅकेट हरवत आहेत.

उपाय कारणाप्रमाणे. बफर कमी असेल तर कमाल मर्यादा वाढवायची:

```
net.ipv4.tcp_rmem = 4096 131072 67108864
net.ipv4.tcp_wmem = 4096 16384 67108864
```

तिसरा आकडा कमाल मर्यादेचा, इथे 64 एमबी. निम्मा हिशेबात गेला तरी 25 एमबीला पुरून उरतो. पहिली ओळ घेणाऱ्यासाठी महत्त्वाची, दुसरी पाठवणाऱ्यासाठी, कारण पाठवणाऱ्यालाही पोच येईपर्यंत प्रत्येक बाइटची प्रत जपून ठेवावी लागते. एकाच संगणकावर बदल करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणे ही इथली नेहमीची चूक. मर्यादा भरमसाट वाढवणेही बरे नाही. गरजेपेक्षा जास्त सोडलेला माल वेगाने जात नाही, तो वाटेतल्या राउटरच्या रांगेत साचतो, आणि त्याच लाइनवरच्या व्हिडिओ कॉलला उशीर होऊ लागतो.

विंडोजवर `netsh interface tcp show global` या आज्ञेने आपोआप वाढणारी विंडो चालू आहे का ते दिसते. तिथे `normal` हवे. इंटरनेटचा वेग वाढवण्याच्या फिरत्या सल्ल्यांत ही सोय बंद करायला सांगितलेले असते. तो सल्ला मानला की संगणक पुन्हा 64 केबीवर जाऊन बसतो.

फायरवॉल किंवा पलीकडचा सर्व्हर आपल्या ताब्यात नसेल तर उरतो तो जुना मार्ग: फाइलचे भाग पाडून अनेक कनेक्शनवरून एकाच वेळी पाठवणे. प्रत्येक कनेक्शनची विंडो स्वतंत्र असल्याने बेरीज वाढते. 2 एमबीच्या बारा कनेक्शनमधून हिशेबाने 1,000 एमबीपीएस होतात आणि लाइन भरते. पॅकेट हरवत असतील तेव्हाही हा उपाय चालतो, कारण एक पॅकेट हरवले तर बारापैकी एकच कनेक्शन मंदावते. मात्र सामायिक लाइनवर बारा कनेक्शन लावणारा बाराजणांचा वाटा घेतो, हे लक्षात ठेवायला हवे.

एका बाबतीत मात्र मोठी विंडोही मदतीला येत नाही. पाठवायची एक मोठी फाइल नसून दहा हजार लहान फाइली असतील, आणि प्रोग्राम प्रत्येक फाइल उघडताना पलीकडच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर फाइलीमागे निदान एक फेरी खर्च होते. दहा हजार फेऱ्या, प्रत्येकी 0.2 सेकंद, म्हणजे 33 मिनिटे फक्त विचारपूस करण्यात जातात. फाइली रिकाम्या असल्या तरी. मुंबईच्या सर्व्हरशी हीच विचारपूस 50 सेकंदांत संपते. इथे विंडो, बफर, क्यूबिक यांतले काहीच बदलून उपयोग नाही, कारण वाटेवर सोडायला मालच नसतो. अशा वेळी सगळ्या फाइली एका गाठोड्यात बांधून एकाच प्रवाहात पाठवायच्या आणि पलीकडे सोडायच्या:

```
tar cf - photos | ssh server.example.com 'tar xf -'
```

आता दहा हजार फेऱ्यांच्या जागी सुरुवातीच्या मोजक्याच फेऱ्या उरतात, आणि पुढचा वेग पुन्हा एसएसएचच्या 2 एमबीला 0.2 सेकंदाने भागून येतो.